पहिल्या अंकापुरती रजा

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात रजा हवी असेल तर साहेबांकडे जाऊन उपयोग नसे. साहेब नुसती सही करत. खरी खिंड शिल्लकताईंच्या टेबलाशी लढवावी लागे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. कुणीही अर्ज पुढे केला की त्या कपाळावरचा चष्मा नाकावर आणत आणि म्हणत, "शिल्लक बघू आधी." नवीन माणसाला तर काही दिवस हेच त्यांचं आडनाव वाटायचं.

मी शेजारच्या टेबलावर पगाराचं काम करतो. डोकं माझं तसं लवकर तापतं, आणि ते तापवण्यात या बाईंचा वाटा मोठा. माझ्या मेव्हणीच्या लग्नाला मी किरकोळ रजेला अर्जित रजा जोडून मागितली, तर अर्ज तसाच परत. "या दोन्ही जोडता येत नाहीत. सगळीच अर्जित घ्या." मी म्हटलं, "ताई, कोण बघतंय?" तर म्हणाल्या, "मी बघतेय ना!" मुकाट्यानं सगळीच अर्जित लिहिली.

पण बाई कठोर नव्हत्या, हे कबूल करायला हवं. आमच्या एका फिटरनं पाय मुरगळल्याचा डॉक्टरी दाखला जोडून रजा टाकली आणि त्याच दिवशी मित्राच्या लग्नात मनसोक्त नाचला. त्या लग्नाला ताईही होत्या. दुसरा कुणी असता तर तक्रार करून मोकळा झाला असता. ताईंनी त्याला बाजूला बोलावलं, दाखला त्याच्या हातात परत दिला, आणि अर्जित रजेचा नवा अर्ज स्वतः सांगून लिहवून घेतला. वर म्हणाल्या, "नाचतोस छान. पण दाखला जोडून नाचू नकोस."

स्वतः मात्र त्या रजा घेत नसत. अर्जित रजेला साठवायची एक कमाल मर्यादा असते. ताईंची रजा त्या मर्यादेला जाऊन टेकली होती, आणि दर सहामाहीला जमा होणारी नवी रजा उतू गेलेल्या दुधासारखी वाया जात होती. "अहो, घ्या की चार दिवस," असं म्हटलं की म्हणायच्या, "घेऊन करू काय? घरी चष्म्याचं दुकान आहे. तिथे बसून लोकांना अक्षरं वाचायला लावू?" त्यांचे मिस्टर चष्मे करायचे. घराच्याच पुढच्या खोलीत दुकान, भिंतीवर लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता, आणि त्याखाली हे शांत गृहस्थ, कायम कुणाची तरी काच पुसत बसलेले.

या बाईंना कधीकाळी नाटकाचं वेड होतं, हे मला ठाऊक नव्हतं. तरुणपणी कार्यालयांच्या नाट्यस्पर्धेत त्यांनी दोनतीनदा काम केलं होतं म्हणे. मग मुलं झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि ते राहूनच गेलं. पुढे कार्यालयाच्या वार्षिक संमेलनात त्या विंगेत बसून इतरांना संवाद सांगत. तेवढंच नाटक त्यांच्या वाट्याला उरलं होतं.

त्या वर्षी संमेलनाला परीक्षक म्हणून एक नावाजलेला दिग्दर्शक आला होता. आमच्या नायकानं, म्हणजे मीटर विभागातल्या एका देखण्या पण बिनडोक गृहस्थानं, दुसऱ्या प्रवेशातच पाटी कोरी केली. ताई विंगेतून वाक्य सांगताहेत, हा ढिम्म. पुन्हा सांगितलं, तरी ढिम्म. शेवटी ताईंनी आख्खा संवाद विंगेतूनच म्हणून टाकला, आणि असा म्हटला की सभागृह चिडीचूप झालं. नायक नुसता ओठ हलवत उभा.

नाटक संपल्यावर दिग्दर्शकानं बक्षिसं ठेवली बाजूला आणि पहिला प्रश्न विचारला, "विंगेत कोण होतं?"

आठवड्याभरानं तो कार्यालयातच आला. त्याच्या नव्या व्यावसायिक नाटकात आईची भूमिका होती. आई पहिल्या अंकाच्या शेवटी मरते, पण नाटक तिच्याभोवती फिरतं. "ही आई मला नटीसारखी नको," तो म्हणाला. "नाही म्हणतानासुद्धा जिची माया कळते, अशी हवी. तुम्ही कराल?"

ताईंचा चेहरा मी शेजारून बघत होतो. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी लाजलेलं बघितलं नव्हतं. पण तोंडातून निघालं ते ठरलेलंच. "मला आधी कार्यालयाची परवानगी घ्यावी लागेल."

"रजा तर तुमच्याच हातात आहे ना?" दिग्दर्शक हसला.

"रजा वेगळी, परवानगी वेगळी. संमेलनात फुकट काम करायला कुणी विचारत नाही. हे तिकीट लावून चालणारं नाटक. तुम्ही मानधन देणार. मुख्य कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते. ती आली की मग रजा मागायची."

"बरं. पण वाचन सुरू झालंय. महिनाअखेरपर्यंत मला नक्की कळायला हवं. नाहीतर दुसरी बाई बघावी लागेल," असं सांगून तो गेला.

त्या संध्याकाळी ताईंनी अर्ज लिहिला. स्वतःचा अर्ज स्वतः हाताळायचा नाही म्हणून तो माझ्याकडे दिला. मी टिपण लिहिलं, साहेबांनी शिफारस केली, आणि अर्ज मुख्य कार्यालयात गेला. घरी मिस्टरांना त्यांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी काच पुसता पुसता एवढंच म्हटलं, "आता कशाला? दोन वर्षांनी निवृत्त होशील, तेव्हा कर की खुशाल." ताईंनी हे मला दुसऱ्या दिवशी डबा खाताना सांगितलं. सांगितलं हसतच, पण भाजी तशीच डब्यात राहिली.

मुख्य कार्यालयाचं उत्तर येईना. इकडे कार्यालयातला जो तो सल्ला द्यायला पुढे. तो नाचरा फिटरही म्हणाला, "ताई, आजारी पडा सरळ. डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे." साहेबांनीसुद्धा आडून सुचवलं की प्रकृतीची काळजी घ्यायला हवी, या वयात काहीही होऊ शकतं.

"आणि नाटकाच्या जाहिरातीत माझा फोटो येईल त्याचं काय?" ताई म्हणाल्या. "आजारी बाई पेपरात हसतेय, असं दिसेल ते. आणि उद्या मी कुणाचा दाखला कुठल्या तोंडानं परत करू?"

मी चिडलोच. "तुमचं हे तत्त्व घेऊन बसा. ती दुसरी बाई रंगवील तुमची आई!"

ताईंनी हातातली फाइल मिटली. म्हणाल्या, "मला चोरून नाही करायचं हो. एकदाच करायला मिळतंय, तर नाव लावून करू दे."

पुढे मी तो विषय काढला नाही. कामात लक्ष लागत नव्हतं, एवढं खरं.

अखेर मुख्य कार्यालयाचं पत्र आलं, पण परवानगीचं नव्हे. भूमिकेचं स्वरूप काय, कालावधी किती, कार्यालयीन कामावर परिणाम होईल का, याचा खुलासा करावा. दुसरं कुणी असतं तर 'परिणाम होणार नाही' असं एका ओळीत लिहून मोकळं झालं असतं. पण ताईंना मोघम लिहिणं जमतच नाही. त्यांनी सविस्तर लिहिलं: आईचा पहिल्या अंकाअखेर मृत्यू होतो. त्यानंतर तिला काम नाही. सबब प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर राहता येईल. सोबत पुरावा म्हणून नाटकातलं मृत्यूच्या प्रवेशाचं पानही जोडलं. मी म्हटलं, "पान कशाला?" तर म्हणाल्या, "उगाच पुन्हा खुलासा नको मागायला."

मुख्य कार्यालयाच्या टपाल शाखेत रोज ढिगानं कागद येतात. तिथला माणूस पत्र वाचत बसत नाही. वर नजर टाकायची, कर्मचाऱ्याचा क्रमांक बघायचा, कोपऱ्यात शाखेचं नाव लिहून ट्रेमध्ये टाकायचं. त्यानं क्रमांक बघितला, खाली मृत्यूचा उल्लेख बघितला, मागे जोडलेलं अंत्यसमयाचं वर्णन बघितलं, आणि कोपऱ्यात लिहिलं: कुटुंब निवृत्तिवेतन.

जिवंत माणसाचा कागद आमच्याकडे कसा रांगतो, ते सगळ्यांना माहीत आहे. पण मयताच्या वारसांना तिष्ठत ठेवायचं नाही असा वरून सक्त आदेश आहे. त्यामुळे ती शाखा भलतीच तत्पर. परवानगीसाठी जे प्रकरण दिवसच्या दिवस जागचं हललं नव्हतं, त्याला आता पाय फुटले.

मंगळवारी दुपारी ताई फिटरला काहीतरी समजावत होत्या. टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी उचलला आणि सवयीनं म्हणाल्या, "आस्थापना शाखा."

पलीकडून काहीच आवाज येईना. "कोण बोलतंय?" त्यांनी दोनदा विचारलं. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "अहो? तुम्ही आहात का? काय झालं? रडताय का तुम्ही?"

झालं होतं ते असं. दुकानात पोस्टमननं कार्यालयाचं पाकीट आणून दिलं. ताईंच्या मिस्टरांनी उघडलं. आत लिहिलं होतं की आपल्या पत्नीच्या दुःखद निधनाबद्दल कार्यालयाला तीव्र दुःख होत आहे, आणि मृत्यूचा दाखला व वारसाचे अर्ज सत्वर पाठवावेत. त्या गृहस्थांनी सकाळीच बायकोला डबा भरून दिला होता. पत्र पोस्टानं येतं, त्याला दिवस लागतात, हे त्यांच्या डोक्यात यायला हवं होतं. पण अशा वेळी डोकं चालतं का कुणाचं? त्यांना वाटलं, वाटेत काही झालं असेल, आणि कार्यालयाला आपल्या आधी कळलं असेल. फोन लावायला गेले तर दोनदा भलताच नंबर लागला. शेवटी शेजारच्या दुकानदारानं लावून दिला, आणि पलीकडून साक्षात मयताचाच आवाज आला: "आस्थापना शाखा."

ताई अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेल्या. हो, तशाही अवस्थेत अर्ज लिहून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या आत ताईंचे मिस्टर दारात उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात ते पत्र, मागे ताई. मला म्हणाले, "मुख्य कार्यालय कुठे आहे? मी हिला घेऊन जातो." या माणसाचा चढा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. साहेब म्हणाले, "तुम्हीही जा बरोबर," आणि मला पिटाळलं. मला तेच हवं होतं. भांडायला मी एका पायावर तयार असतो.

कुटुंब निवृत्तिवेतन शाखेतला कारकून भला माणूस होता. पत्र बघून तो उठून उभाच राहिला, मिस्टरांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. "फार वाईट झालं. धीर धरा. मृत्यूचा दाखला आणलाय का?"

"नाही," मिस्टर म्हणाले. "मयताला आणलंय."

ताईंनी नमस्कार केला. कारकून मटकन खाली बसला. पण कारकूनच तो, लगेच सावरला आणि म्हणाला, "मग आमच्याकडचं प्रकरण बंद करायला हयातीचं लेखी लागेल." मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईंनी मला डोळ्यांनी दटावलं आणि पेन काढलं. "बरोबर आहे त्यांचं. नोंद झालीय, ती तशीच कशी सोडतील?" आणि आपण जिवंत असल्याचं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. मी भांडायला गेलो होतो तो नुसता साक्षीदार म्हणून सही करून परतलो.

तिथून तो कागद घेऊन आम्ही प्रशासन अधिकाऱ्यांकडे गेलो. परवानगी द्यायचा अधिकार त्यांचा. बाई वयानं ताईंपेक्षा लहान, बोलायला तुटक. त्यांनी सगळा गठ्ठा चाळला. मृत्यूच्या प्रवेशाचं पान वाचताना किंचित रेंगाळल्या.

"चूक आमची आहे, त्याबद्दल दिलगीर आहे," त्या म्हणाल्या. "पण परवानगीचा विचार वेगळा करावा लागेल. प्रयोग दौऱ्यावर असतील. तुमच्या कार्यालयात आधीच माणसं कमी. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत तुमच्या. तोवर थांबता नाही का येणार?"

ताईंनी मान खाली घातली. वर्षानुवर्षं त्या टेबलाच्या ज्या बाजूला बसल्या होत्या, तिच्या समोरच्या बाजूला आज स्वतः उभ्या होत्या. रजा हा हक्क नाही, हे त्यांनी किती जणांना ऐकवलं होतं. त्या 'बरं' म्हणणार, असं मला वाटलं. आणि महिनाअखेर दोन दिवसांवर होती.

तेवढ्यात मिस्टर बोलले. आवाज पुन्हा नेहमीसारखा, काच पुसताना असतो तसा झाला होता.

"बाई, थांब असं मीच म्हणालो होतो हिला. अगदी हेच शब्द. पण काल दुपारी थोडा वेळ मी विधुर होतो. दुसरं काहीच आठवलं नाही त्या वेळात. हिचं काय काय राहून गेलं, तेवढंच एकेक आठवत होतं. आता थांब म्हणायचं धाडस माझ्यात नाही. तुमच्यात असेल तर तुम्ही म्हणा."

मला खिडकीबाहेर बघावं लागलं. अधिकारीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मिस्टर सवयीनं म्हणाले, "डावी काच सैल झालीय तुमची." आणि बाई हसल्या.

परवानगी त्याच दिवशी लेखी मिळाली, अटींसकट. कार्यालयीन कामात अडथळा येता कामा नये. प्रयोगाच्या दिवशी देय रजा रीतसर घ्यावी. बाहेरगावी जाताना मुख्यालय सोडण्याची परवानगी घ्यावी. मानधन नियमाप्रमाणे कळवावं. कामाच्या निकडीनुसार परवानगी केव्हाही काढून घेण्यात येईल. ताईंनी अटी जिन्यातच वाचून काढल्या आणि समाधानानं म्हणाल्या, "बरोबर घातल्यात सगळ्या." मी कपाळाला हात लावला.

मग रजेचा अर्ज. रंगीत तालमींसाठी त्यांनी सलग अर्जित रजा मागितली. चार्ज माझ्याकडे आला. त्या अर्जावर टिपण लिहायला बसलो तेव्हा सगळी शाखा माझ्याभोवती जमली होती. मी माझा वाचायचा चष्मा कपाळावर चढवला, मग सावकाश नाकावर आणला, आणि ताईंकडे बघून म्हटलं, "शिल्लक बघू आधी."

ताई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मी मोठ्यानं वाचलं, "भरपूर आहे. देण्यास हरकत नाही." फिटरनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि साहेब काय झालं म्हणून केबिनच्या बाहेर आले. त्यांनी तिथेच, माझ्या टेबलावर वाकून सही केली.

पहिल्या प्रयोगाला आम्ही सगळे गेलो. हजेरी त्या दिवशी कार्यालयात नव्हती तेवढी नाट्यगृहात होती. मला मिस्टरांच्या शेजारची खुर्ची मिळाली, शेवटून दुसऱ्या रांगेत. त्यांच्या पलीकडची एक खुर्ची मोकळी होती, आणि तिच्यावर त्यांनी रुमाल टाकून ठेवला होता. मी म्हटलं, "कुणी यायचंय?" तर नुसतं हसले.

पडदा उघडला. ती आई आली, आणि मी पाहिलं की ही तर आमचीच ताई आहे. मुलगा काहीतरी मागतोय आणि ती नाही म्हणतेय, त्याच आवाजात, आम्हा सगळ्यांना वर्षानुवर्षं म्हटलं त्याच आवाजात. मला त्या आवाजाचा किती राग यायचा! आणि आता त्यातली माया इतकी उघड दिसत होती की मी इतके दिवस काय ऐकत होतो, असं वाटलं.

अंकाचा शेवट जवळ आला. आई पलंगावर. शेजारी हालचाल झाली म्हणून मी बघितलं. मिस्टरांनी चष्मा काढला होता. घडी घालून तो खिशात ठेवला, आणि ते रंगमंचाकडे तोंड करून ताठ बसून राहिले. त्यांचा नंबर मोठा. चष्म्याशिवाय त्यांना तिथे नुसता धूसर उजेड दिसत असणार. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. मला मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे मीच लहान मुलासारखा रडलो. पुढच्या रांगेत फिटर हुंदके देत होता.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. मध्यंतरात सगळे चहाला गेले, मिस्टर जागचे हलले नाहीत. चष्माही खिशातच.

दुसरा अंक सुरू झाला, दिवे मालवले. अंधारातून कुणीतरी वाकून आलं, रुमाल उचलला आणि त्या मोकळ्या खुर्चीत बसलं. रंग पुसलेला, नेहमीची साडी, खांद्याला कार्यालयात आणतात तीच पिशवी.

"आलीस?" मिस्टरांनी समोर बघतच विचारलं.

"रुजू झाले," ताई म्हणाल्या.

मग मिस्टरांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि नाटक राहिलं बाजूला, तिच्याकडेच बघत बसले.